भेळेचा हिशेब: शाळेतले मुलांचे कँटीन

आठवी-नववीच्या मुलांनी आठवड्यातून एकदा, मधल्या सुट्टीत, शाळेतल्याच मुलांसाठी चालवलेले छोटे खाऊघर म्हणजे मुलांचे कँटीन. खरेदी मुलांची, तयारी मुलांची, विक्री आणि हिशेबही मुलांचाच. शिक्षक जवळ असतात ते गॅस, सुरी आणि स्वच्छता यांवर लक्ष ठेवायला. शाळेच्या गणितात नफा-तोटा आणि शेकडेवारी येते, पण तिथे खरेदी किंमत आणि विक्री किंमत आयती दिलेली असते. कँटीनमध्ये खरेदी किंमत शोधून काढावी लागते, आणि तिथेच बहुतेक मुले, कधीकधी शिक्षकही, पहिल्यांदा चुकतात.

हातांनी काम करून शिकण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९३७ साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला. मुलांच्या शिक्षणाच्या मध्यभागी एखादे उत्पादक काम असावे, हा त्याचा गाभा होता. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. गावाला लागणारी कामे करून देता देता तंत्र शिकायचे आणि त्या कामाचा खर्चही मांडायचा, ही रीत तिथे रुजली. स्काऊट-गाइडच्या मुलांना ‘खरी कमाई’ हा शब्द ठाऊक असतो. आणि जवळपास प्रत्येक शाळेत वर्षातून एकदा आनंद मेळावा भरतो, त्यात मुले खाद्यपदार्थांचे स्टॉल लावतात.

आनंद मेळाव्यात मुलांना मजा येते, पण हिशेबाच्या बाबतीत तो मुलांची दिशाभूल करतो. एखादी मुलगी वडापावचा स्टॉल लावते. ४० वडापाव १० रुपयांना एक याप्रमाणे विकून तिच्या हातात ४०० रुपये येतात. पावाचे शंभर-सव्वाशे रुपये वजा केले की पावणेतीनशे-तीनशे रुपये नफा झाला, असे ती सांगते. बटाटे, बेसन, तेल घरच्या डब्यांतून आलेले असते, गॅस घरचा असतो आणि पहाटे उठून वडे आईने तळलेले असतात. यातले काहीच वहीत येत नाही. दुसरी उणीव अशी की मेळावा एकदाच होतो. भाव चुकला, माल उरला, तर सुधारून पुन्हा करून बघायला पुढचा दिवस नसतो. म्हणून कँटीनमधून खर्च आणि नफा खरोखर शिकवायचा असेल तर दोन गोष्टी लागतात. घरून आलेली मूठभर कोथिंबीरसुद्धा बाजारभावाने वहीत लिहायची, आणि तेच काम ओळीने काही आठवडे करायचे.

हे कसे घडते ते एका नमुन्यावरून पाहता येईल. शनिवारी सकाळची शाळा, मधली सुट्टी २० मिनिटांची आणि पदार्थ एकच: मटकीची भेळ. खालचे भाव हिशेबापुरते धरले आहेत. प्रत्येक शाळेने आपल्या गावच्या बाजारात जाऊन ते बदलायचे आहेत. ते विचारून येणे हाच मुलांचा पहिला धडा असतो.

सुरुवात भांडवलापासून होते. २० रुपयांचा एक वाटा, असे ६० वाटे काढले की १२०० रुपये जमतात. एका मुलाला पाचांहून जास्त वाटे घेता येत नाहीत, आणि एकही वाटा न घेणारा मुलगाही कामाच्या गटात बरोबरीने असतो. ही अट पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावी, नाहीतर ज्याच्या घरी पैसे आहेत तो मालक आणि बाकीचे नोकर असे चित्र वर्गात उभे राहते. १२०० पैकी ६०० रुपयांत झाकणाचे डबे, परात, मोजायच्या वाट्या, डाव आणि टेबलावर घालायचे प्लॅस्टिक येते. या वस्तू बारा शनिवार वापरायच्या आहेत, म्हणून प्रत्येक शनिवारच्या खात्यावर त्यांचे ५० रुपये टाकायचे. यालाच हिशेबात घसारा म्हणतात. हा शब्द मुलांना अवघड जात नाही, कारण कपडे आणि चपला झिजतात हे त्यांना ठाऊक असते. अवघड जाते ते आज एक पैसाही खिशातून गेला नसताना ५० रुपये खर्च लिहिणे.

आता ५० द्रोण भेळेचा माल. एक किलो मटकीचे १३० रुपये. भिजून मोड आल्यावर ती साधारण सव्वादोन किलो होते, म्हणजे द्रोणामागे ४५ ग्रॅम. सव्वा किलो चुरमुरे १०० रुपयांचे. भाजलेले शेंगदाणे अर्धा किलो, ७० रुपये. कांदे ३०, टोमॅटो ४०, कोथिंबीर-मिरची २०, दहा लिंबे ४०, चटणीची चिंच आणि गूळ ४०, मीठ-तिखट-जिरेपूड ३०. ही बेरीज ५०० होते. कागदी द्रोण ५० रुपयांचे. म्हणजे एका द्रोणाचा माल ११ रुपयांचा झाला. शिवाय भेळ किती खपते त्यावर न ठरणारे काही खर्च आहेत: गॅसचे २०, साबण आणि फडक्यांचे १० आणि घसाऱ्याचे ५०, मिळून ८० रुपये. एकूण खर्च ६३०. भाव १५ रुपये ठेवला आणि पन्नासही द्रोण विकले तर ७५० रुपये येतील आणि नफा १२० रुपये राहील. पुस्तकातल्या रीतीप्रमाणे हा नफा खर्चावर काढायचा, म्हणजे शेकडा १९.

भाव १५ का, याचे उत्तर फक्त खर्चात नसते. १४ रुपये ठेवले तर प्रत्येकाला एक रुपया परत द्यायला सुट्टे कुठून आणायचे? वीस मिनिटांच्या सुट्टीत सुट्ट्यांवरून वाद घालायला वेळ नसतो. खाऊला पैसे आणणाऱ्या मुलाकडे दहाची नोट आणि पाचचे नाणे असते किंवा वीसची नोट असते. त्यामुळे भाव पाचाच्या पटीत राहतो. मुलांनी हे शोधून काढले की मग त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानातले भावही वेगळ्या नजरेने दिसू लागतात.

शेव मात्र या यादीत नाही, आणि मुलांची पहिली तक्रार नेमकी तीच असते. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२० साली अधिसूचित केलेल्या नियमांनुसार चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये किंवा शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. शाळा स्वतः खाद्यपदार्थ विकणार असेल तर अन्न व्यवसाय म्हणून नोंदणीही लागते. ते काम मुख्याध्यापकांनी आधी उरकायचे असते. शेवेची कमी खमंग भाजलेल्या शेंगदाण्यांनी बऱ्यापैकी भरून निघते. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेली मुले असतात, म्हणून टेबलावर ‘भेळेत शेंगदाणे आहेत’ अशी पाटी मोठ्या अक्षरांत हवी.

खर्चाच्या आकड्यांमागे वेळापत्रक असते आणि ते मटकीच्या हातात असते. शनिवारच्या भेळेसाठी मटकी गुरुवारी रात्री भिजत घालावी लागते. शुक्रवारी सकाळी पाणी काढून ती ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवली की शनिवारी सकाळी बोटाच्या पेराएवढे नाही, पण चांगले मोड आलेले असतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मात्र हे गणित चुकते. शनिवारी सकाळी फडके सोडावे तर दाणा नुसता फुगलेला. असे एकदा झाले की पुढच्या वेळी तयारीचा गट बुधवारी रात्रीच मटकी भिजवतो, गाठोडे उबदार जागी ठेवतो आणि वहीत तशी नोंद करतो. मोड आणणारी ऊब आणि ओलावा जंतूंनाही मानवतो. म्हणून मोड आलेली मटकी कच्ची वापरायची नाही. ती दहा मिनिटे वाफवूनच घ्यायची, आणि गॅसजवळचे हे काम मोठ्या माणसाने करायचे. चिरलेला कांदा-टोमॅटो झाकणाच्या डब्यात ठेवायचा, सर्दी-खोकला किंवा पोट बिघडलेल्या मुलाला त्या दिवशी अन्नाला हात लावू द्यायचा नाही, नखे कापलेली हवीत. याबाबतीत एकाही शनिवारी सवलत नाही.

पहिल्या शनिवारी खरी परीक्षा होते ती वीस मिनिटांची. पन्नास द्रोण वीस मिनिटांत द्यायचे तर दर २४ सेकंदांना एक द्रोण गेला पाहिजे. एकच मुलगा चुरमुरे घेतो, मटकी घालतो, कांदा, चटणी, लिंबू घालून कालवतो आणि द्रोणात भरतो, त्यात सहज एक मिनिट जाते. घंटा होईपर्यंत वीसच द्रोण होतात आणि रांगेतली तीस मुले वर्गात परततात. सगळी भेळ आधीच कालवून ठेवावी म्हटले तर पाच-सात मिनिटांत चुरमुरे मऊ पडतात. या दोन अडचणींच्या मधली वाट मुलांनीच काढायची असते, आणि ती बहुधा अशी निघते. चुरमुरे आणि शेंगदाणे आधीच एकत्र केलेले असतात. पहिली मुलगी परातीत पाच द्रोणांपुरते कोरडे मिश्रण, मटकी, कांदा-टोमॅटो मापाने टाकते. दुसरा चटणी आणि लिंबू घालून कालवतो. तिसरी ठरलेल्या वाटीने द्रोण भरते. चौथा कूपन घेऊन द्रोण हातात देतो. पाच द्रोणांचा घाणा दीड-पावणेदोन मिनिटांत निघतो आणि रांग सरकत राहते. चौघांपैकी एक रेंगाळला की बाकीचे तिघे थांबतात. गटाने काम करणे म्हणजे काय, हे मुलांना इथे परातीपाशी कळते. त्यासाठी वेगळा तास घ्यावा लागत नाही.

पैसे आणि भेळ एकाच हातात द्यायचे नाहीत, ही कँटीनची सर्वांत उपयोगी शिस्त आहे. कूपन विकणारे दोघे वेगळे, द्रोण देणारा वेगळा. कूपनांवर क्रमांक असतात, त्यामुळे किती विकली ते शेवटच्या क्रमांकावरून कळते. द्रोणही मोजून उघडायचे. दिवसाच्या शेवटी तीन आकडे जुळवायचे असतात: विकलेली कूपने, वापरलेले द्रोण आणि गल्ल्यातली रोकड. या तिन्हींची तपासणी एकमेकांवर होत राहते, म्हणून कोणावर संशय घेण्याची वेळ येत नाही.

पहिल्या शनिवारी सुट्टी संपल्यावर हिशेबाचा गट गल्ला मोजतो. सकाळी सुट्ट्यांसाठी शिक्षकांकडून उसने घेतलेले २०० रुपये गल्ल्यात टाकलेले असतात, हे घाईत कुणाच्याच लक्षात येत नाही. गल्ल्यात ८१५ रुपये निघतात. वर्गात एकच गलका होतो. मग कुणीतरी २०० वजा करते आणि विक्री ६१५ वर येते. त्या दिवशी प्रत्यक्ष खर्च झालेले पैसे होते ५८०: माल आणि द्रोणांचे ५५०, गॅस-साबणाचे ३०. म्हणजे गल्ल्यात ३५ रुपये जास्त आहेत. पण वही वेगळेच सांगते. घसाऱ्याचे ५० रुपये खर्चात धरले आणि उरलेल्या सहा द्रोणांचे ६ रुपये खर्चातून कमी केले की खर्च ६२४ होतो. विक्री ६१५. म्हणजे ९ रुपये तोटा. गल्ला नफा दाखवतो आणि वही तोटा, हे एकदा समोर आले की रोकड आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना पुन्हा समजावावे लागत नाही.

आता प्रश्न असा की १२० रुपयांचा नफा ९ रुपयांच्या तोट्यावर कसा आला? भाव कमी नव्हता, गिऱ्हाईकही नाराज नव्हते, परात तर पूर्ण रिकामी झाली होती. उत्तर द्रोणांत असते. पन्नासांपैकी सहा द्रोण उरले, म्हणजे ४४ भरले गेले. माल पन्नासांचा होता. भेळेचा एक द्रोण साधारण १३० ग्रॅमचा धरला होता. पन्नासांची भेळ चव्वेचाळिसांत संपली, म्हणजे प्रत्येक द्रोणात सुमारे १४८ ग्रॅम गेली. जास्तीचे १८ ग्रॅम म्हणजे एक मोठा चमचा. वाटी सपाट भरायची ठरली होती आणि ती शिगेपर्यंत भरली गेली, एवढेच झाले. पुढे कूपने मोजली तर ती ४१च निघतात. वापरलेले द्रोण ४४ आणि कूपने ४१. तीन द्रोण कूपनाशिवाय गेले, म्हणजे ते जवळच्या मित्रांना दिले गेले.

शिगेच्या वाटीने सहा द्रोणांचे उत्पन्न गेले. त्या सहा द्रोणांचे कागदी द्रोण वाचले, तेव्हा नुकसान ८४ रुपये झाले. मित्रांना दिलेल्या तीन द्रोणांचे ४५ रुपये. दोन्ही मिळून १२९. एकशेवीसमधून ते वजा केले की उणे नऊ. हा ताळा जुळला की वर्ग शांत होतो. याच क्षणासाठी कँटीन चालवायचे असते, आणि इथे शिक्षकाने बोलायचे नसते. पुस्तकातल्या उदाहरणात नफा भावात असतो. खऱ्या धंद्यात तो वाटीच्या काठावरही असतो, हे मुले स्वतःच्या हाताने केलेल्या चुकीतून पाहतात. मित्रांना द्रोण देणाऱ्या मुलाला दोष देण्याचेही कारण नाही. मित्राला खाऊ घालावेसे वाटणे चांगलेच आहे. गटाने ठरवायचे ते एवढेच की ज्याला द्यायचे आहे त्याने आपल्या खिशातून कूपन घेऊन द्यावे.

तोटा दिसला की बहुतेक मुलांना पहिला उपाय सुचतो तो भाव वाढवण्याचा. पंधराचे वीस करा. मात्र वीस रुपयांना किती मुले घेतील हे कुणालाच माहीत नसते, आणि हात सैल राहिला तर वीसच्या भावातूनही गळती चालूच राहते. म्हणून दुसऱ्या शनिवारी भावाला हात न लावता मापाला हात लावावा. वाटीच्या काठावरून सरळ कालथा फिरवून वरची भेळ परातीत पाडायची. दर दहा द्रोणांनंतर एक द्रोण वजनकाट्यावर ठेवून पाहायचा. शाळेच्या प्रयोगशाळेतला काटा यासाठी चालतो, फक्त त्यावर आधी स्वच्छ कागद घालायचा.

दुसरी दुरुस्ती खरेदीतली आहे, आणि ती जास्त खोल आहे. नफ्या-तोट्याचा धडा शिकवताना ‘किती विकले की खर्च निघतो’ हा प्रश्न पुढे येतोच. साधे उत्तर असे: एका द्रोणामागे १५ वजा ११, म्हणजे ४ रुपये सुटतात. ठरलेला खर्च ८० रुपये. ८० भागिले ४, म्हणजे २० द्रोण विकले की झाले. हे उत्तर गणितात बरोबर आहे आणि भेळेत फसवे आहे. कारण माल पन्नास द्रोणांचा आणून, चिरून, वाफवून झालेला आहे. वीस द्रोण विकून थांबले तर हातात ३०० रुपये येतात आणि उरलेली मटकी दुपारपर्यंत टाकून द्यावी लागते. माल एकदा घेतला की त्याचे पैसे गेलेच. फक्त न वापरलेले द्रोण उरतात. त्या हिशेबाने खर्च निघायला ४२ द्रोण विकावे लागतात. वीस आणि बेचाळीस यांतला हा फरक नाशवंत मालाचा आहे. भाजीवाली संध्याकाळी भाव का पाडते, हे यावरून मुलांना उमगते.

म्हणून मागणीचा अंदाज चुकू नये यासाठी धडपड करावी लागते. पहिल्या वेळी मुले वर्गावर्गांत जाऊन विचारतात, भेळ खाणार का? ऐंशी हात वर होतात. शनिवारी त्यांतले निम्मेच येतात, कारण हात वर करायला पैसे पडत नाहीत. शुक्रवारीच कूपने विकली तर मात्र आकडा खरा मिळतो. समजा शुक्रवारी ३८ कूपने गेली. गटाने माल ४० द्रोणांचाच आणला. खर्च मालाचा आणि द्रोणांचा ४४०, ठरलेला ८०, मिळून ५२०. चाळीसही द्रोण विकले गेले, ६०० रुपये आले, नफा ८० रुपये. पन्नास विकून मिळाले असते त्या १२० पेक्षा हे कमी आहेत. पण त्यांतले ३८ द्रोण आदल्याच दिवशी विकले गेले होते आणि टाकून द्यायला काही उरले नाही. चुरमुरे, शेंगदाणे, कांदे पुढच्या शनिवारपर्यंत टिकतात, ते थोडे जास्त आणले तरी चालते. मटकी, टोमॅटो, कोथिंबीर यांचा आकडा मात्र कूपनांवरूनच ठरवावा. हा भेद खरेदीच्या गटाने स्वतः यादीवर दोन रंगांनी करून ठेवला की त्यांच्यात आणि तयारीच्या गटात होणारी निम्मी भांडणे मिटतात.

भांडणे होतातच. ‘तुम्ही जास्त आणले’, ‘तुम्ही जाड चिरले’, ‘तुम्ही लवकर पळालात आणि परात आम्ही घासली’. शेवटची तक्रार सर्वांत खरी असते. खरेदी, तयारी, विक्री, हिशेब आणि सफाई असे पाच गट केले तर गल्ल्यावर बसायला सगळे तयार असतात आणि सफाईला कुणीच नसते. नेमून दिले नाही तर आणखी एक गोष्ट आपोआप घडते: मुली कांदा चिरतात आणि मुलगे पैसे मोजतात. घरी जे बघितले तेच मुले इथे करतात. म्हणून दर दोन शनिवारांनी गट बदलायचे आणि प्रत्येक गटात मुले-मुली दोन्ही ठेवायची. बारा शनिवारांत प्रत्येक मुलाला पाचही कामे करावी लागतात. गट बदलताना आधीच्या गटाने नव्या गटासाठी वहीत चार ओळी लिहायच्या: कोणत्या दुकानात चुरमुरे ताजे मिळाले, चटणी किती पातळ हवी, काय विसरले होते. तोंडी सांगितलेले सोमवारपर्यंत विसरले जाते.

एक गोष्ट या हिशेबात मुद्दाम राहून गेली आहे, आणि चौथ्या-पाचव्या शनिवारी ती वर्गापुढे ठेवावी. दहा मुले दोन-दोन तास राबली तर वीस तासांची मेहनत झाली. तिची मजुरी कुठे लिहिली? १२० रुपयांचा पूर्ण नफा झाला तरी तो वीस तासांत वाटला तर तासाला सहा रुपये पडतात. जागेचे भाडे नाही, वीज शाळेची, पाणी शाळेचे. यांपैकी कशालाही पैसे मोजले नाहीत म्हणून १५ रुपयांची भेळ परवडली. गावातल्या भेळवाल्याला भेटून मुलांनी हा हिशेब विचारावा. तो भेळ दुप्पट भावाला का विकतो, पावसाच्या दिवशी काय करतो, उरलेल्या चटणीचे काय होते, उधारी कुणाला देतो. अशा भेटीनंतर वहीत ‘आमची मजुरी’ अशी एक ओळ वाढते. ती रक्कम कुणाला द्यायची नसते, पण ती लिहिल्यावर बहुतेक शनिवार तोट्याचे निघतात. हा तोटा मुलांपासून लपवू नये. रस्त्यावर गाडी लावणाऱ्याच्या कष्टांचे मोल त्यातूनच दिसते.

नफ्याचे काय करायचे हे विक्री सुरू होण्याआधीच ठरवलेले बरे, कारण पैसे हातात आल्यावर ठरवायला गेले की आवाज चढतात. साधी वाटणी अशी: आधी वाटेदारांचे २० रुपये परत, मग पुढच्या वर्षीच्या पहिल्या खरेदीइतकी रक्कम बाजूला आणि राहिले ते वर्गाच्या एकमताने ठरलेल्या कामाला. तोटाच झाला तर तोही वाट्याप्रमाणे वाटून घ्यायचा. एका वाट्यामागे दोन-चार रुपये कमी मिळाले म्हणून कुणाचे नुकसान होत नाही, आणि शाळेने गुपचूप भरपाई केली तर बारा शनिवारांचा हिशेब वाया जातो.

या कामाला मर्यादाही आहेत. दहावीच्या वर्गाला त्यासाठी वेळ नसतो. दोन पदार्थ ठेवले की गॅस, जागा आणि मापे दुप्पट होतात आणि कोणत्या पदार्थाने कमावले ते वहीत सापडत नाही. तळलेले पदार्थ तर घेऊच नयेत. उकळते तेल आणि पंचवीस उत्साही मुले एका खोलीत असू नयेत. पाण्याची सोय नसलेल्या शाळेत भेळेऐवजी सोलून खायची केळी किंवा उकडलेल्या शेंगा घ्याव्यात. हिशेब तोच राहतो.

ज्या शाळांना हे करून पाहायचे आहे त्यांनी बारा शनिवारांची वाट पाहू नये. सहा शनिवार आणि एक पदार्थ पुरे आहे. वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी, आणि घरून आलेली कोथिंबीर तिच्यात पहिल्या दिवसापासून बाजारभावाने लिहावी.